क्लिकपासून सैनिकापर्यंत: स्क्रीनवरून किरण कसा सोडायचा?

स्ट्रॅटेजी गेममध्ये सैनिकावर क्लिक केलं की तो निवडला जातो. पण क्लिक म्हणजे नुसते दोन आकडे, खोली त्यात नसतेच. म्हणून कॅमेऱ्यापासून निघून त्या पिक्सेलमधून जाणारा किरण काढायचा आणि तो कोणाला लागतो ते बघायचं.

समजा स्क्रीन १९२० × १०८० आहे आणि क्लिक (१४४०, २७०) वर झालं. आधी हे आकडे −१ ते १ मध्ये आणू:

```
x = 2*1440/1920 - 1 = 0.5
y = 1 - 2*270/1080 = 0.5
```

y ची वजाबाकी उलटी आहे, कारण माउसचा y वरून खाली वाढतो, आपल्याला मात्र तो खालून वर वाढणारा हवा. कॅमेऱ्याला उभ्यात ९० अंश दिसत असतील, तर त्याच्या निम्म्याचा टॅन १ येतो. मग कॅमेऱ्याच्या दृष्टीने दिशा (०.५ × १६/९, ०.५, −१). शेवटचा −१ ओपनजीएलच्या रिवाजाचा: तिथे कॅमेरा −z कडे बघतो. ही दिशा कॅमेऱ्याच्या रोटेशनने फिरवली की जगातली दिशा मिळाली.

आता प्रत्येक सैनिकाभोवती एक गोल कल्पा. गोलाच्या केंद्राचं किरणापासूनचं अंतर त्रिज्येहून कमी असेल तर किरण लागला. अनेकांना लागला तर कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळचा घ्यायचा; कॅमेऱ्यामागचे मोजायचेच नाहीत.

y उलटवायचा राहिला तर गंमत होते. वरच्या सैनिकावर क्लिक केलं की खालचा निवडला जातो, पण स्क्रीनच्या बरोबर मधल्या ओळीवर सगळं ठीक चालतं! त्यामुळे पहिली टेस्ट कोपऱ्यात करा.