परिचय तपासून द्याल का?

व्याख्यानाचे निमंत्रण स्वीकारले की आयोजकांचा पुढचा निरोप ठरलेला असतो: ‘आपला थोडक्यात परिचय पाठवा.’ हा शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर वक्ता स्वतःच लिहितो, पण लिहितो तृतीयपुरुषी, कारण सभेत तो वाचून दाखवणार असतो सूत्रसंचालक. स्वतःविषयी परक्यासारखे लिहिताना कुणाची लेखणी फुगते, तर कुणी संकोचाने निम्मे काम गाळूनच टाकतो. दोन्ही चुका लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाहीत. म्हणून मसुदा आधी एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला दाखवतात आणि त्यासाठी छोटेसे पत्र लिहितात.

हा सहकारी काम जवळून पाहिलेला असावा. हाताखालचा माणूस स्पष्ट बोलणार नाही. घरच्या माणसांना कौतुक असते, पण तपशील ठाऊक नसतात. विभागातली किंवा प्रकल्पातली बरोबरीची अथवा थोडी ज्येष्ठ व्यक्ती यासाठी उत्तम.

समजा, वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेला निसर्गप्रेमींच्या मंडळाने देवरायांवर बोलायला बोलावले आहे. तिच्या मसुद्यात पाच वाक्ये आहेत. तिसरे असे: ‘भोर आणि मुळशी तालुक्यांतील देवरायांच्या अभ्यासात त्यांचे मोलाचे योगदान आहे.’ चौथे असे: ‘त्यांच्या मार्गदर्शनाखाली दोन विद्यार्थ्यांनी पीएच.डी. केली आहे.’ हा मसुदा ‘कसा वाटला ते कळवा’ एवढ्याच ओळीनिशी पाठवला, तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर येणार. त्यात दोष वाचणाऱ्याचा नाही. त्याला नेमके काही विचारलेलेच नसते. नेमके विचारणारे पत्र असे असते:

‘सर, सप्रेम नमस्कार.
येत्या महिन्यात देवरायांवर माझे व्याख्यान आहे. श्रोते निसर्गप्रेमी आहेत, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक नाहीत. परिचयाचा मसुदा खाली दिला आहे. वाक्यांना आकडे घातले आहेत. तीन गोष्टी पाहाल का? वाक्य ३ मधला दावा माझ्या वाट्याच्या कामापेक्षा मोठा झाला आहे का? सर्वेक्षणात आपण तिघे होतो, म्हणून विचारते. वाक्य ४ चा तपशील बरोबर आहे का? आणि या श्रोत्यांना सांगायलाच हवे असे काही माझ्याकडून राहिले आहे का? शुद्धलेखन मी नंतर पाहीन, त्यात वेळ घालवू नका. मजकूर शनिवारी द्यायचा आहे; गुरुवारपर्यंत दोन ओळी आल्या तरी पुरेल. भीड न ठेवता लिहा. सवड नसेल तर तसे कळवा, गैरसमज होणार नाही.’

या पत्रात श्रोते कोण ते सांगितले आहे, कारण ते न कळता कुठलाच परिचय योग्य की अयोग्य ठरवता येत नाही. मसुदा पत्रातच आहे आणि वाक्यांना आकडे आहेत, त्यामुळे फोनवरूनही ‘तीनमधले मोलाचे काढा’ असे सांगता येते. प्रश्न तीनच आहेत. दहा विचारले असते तर पत्र बाजूला पडले असते. सगळ्यात उपयोगी वाक्य मात्र ‘आपण तिघे होतो’ हे. शंका कुठे आहे ते लिहिणारीनेच दाखवल्यामुळे सहकाऱ्याची भीड मोडते. सामुदायिक कामाचे श्रेय हाच विषय परिचयात सर्वांत नाजूक असतो आणि न विचारता त्यावर कुणी बोलत नाही.

समजा, उत्तर असे आले: ‘३ मध्ये योगदान म्हणजे काय ते कळत नाही. वनस्पतींची ओळख पटवण्याचे काम तुम्ही केलेत, तेच लिहा आणि गटाचा उल्लेख करा. ४ मध्ये दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध नुसता सादर झाला आहे, पदवी अजून जाहीर व्हायची आहे. गावकऱ्यांसाठी तुम्ही झाडांच्या स्थानिक नावांची यादी केलीत, ती का गाळलीत?’

मग तिसरे वाक्य असे होते: ‘भोर आणि मुळशी तालुक्यांतील देवरायांचे सर्वेक्षण करणाऱ्या तिघांच्या गटात वनस्पतींची ओळख पटवण्याचे काम त्यांनी केले.’ विशेषण गेले आणि काम दिसू लागले. प्रबंध सादर होणे आणि पदवी मिळणे यांतला फरक किरकोळ वाटतो, पण सभेत जाणकार बसलेला असला तर अशाच एका शब्दावरून बाकीच्या परिचयावरचाही विश्वास उडतो. निबंध ‘स्वीकारला गेला’ आणि ‘प्रसिद्ध झाला’ यांचेही तसेच. स्थानिक नावांची यादी संकोचापोटी गाळली होती. या श्रोत्यांना तीच सर्वांत जवळची वाटणार.

अशा वाचनाला मर्यादाही आहे. सहकाऱ्याला जे काम ठाऊक आहे तेवढेच तो तपासू शकतो. जुन्या नोकरीच्या तारखा आणि पुरस्कारांची वर्षे कागद समोर ठेवून स्वतःच पाहावी लागतात. शैलीबद्दलच्या सूचना घ्यायच्या की नाही हे ज्याचा परिचय आहे त्याने ठरवावे. तपशिलातली चूक मात्र दाखवली गेली की दुरुस्त करायलाच हवी, आणि आयोजकांना मजकूर पाठवताना त्याची एक प्रत त्या सहकाऱ्यालाही पाठवावी.