अर्धा किलो मिठाईचा बॉक्स केवढ्याला द्यायचा?

नवरात्र संपत आलं की घरगुती मिठाई करणाऱ्यांच्या फोनवर एकच प्रश्न येऊ लागतो: “अर्धा किलोचा बॉक्स केवढ्याला?” उत्तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिलं जातं. कोपऱ्यावरच्या दुकानात पाचशेला आहे, मग आपण साडेचारशे सांगू. दिवाळी जोरात जाते, रात्री जागून बॉक्स भरले जातात आणि भाऊबीजेनंतर हिशोबाला बसलं की लक्षात येतं, मदतीला आलेल्या बायकांची मजुरी नीट सुटली, पण घरच्या बाईच्या हातात काहीच उरलं नाही. पदार्थ उत्तम होते, गिऱ्हाईकही खूश होतं. दर मात्र अंदाजाने सांगितला होता.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा, पुण्यातल्या एका घरगुती उद्योगाकडे 200 बॉक्सची मागणी आहे. प्रत्येक बॉक्समध्ये अर्धा किलो मिठाई: काजूकतली 250 ग्रॅम, बेसनाचे लाडू 150 ग्रॅम आणि ओल्या नारळाची वडी 100 ग्रॅम. पुढचे भाव गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतील. हिशोबाची रीत बदलणार नाही.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक पदार्थ आपल्याला किलोला केवढ्याला पडतो, ते काढणं. काजूकतलीच्या एका घाण्याला एक किलो काजू लागतो, तो 900 रुपयांचा. त्यात 600 ग्रॅम साखर 27 रुपयांची, थोडं तूप 28 रुपयांचं, वेलची-केशर 30 रुपयांचं आणि गॅस 20 रुपयांचा. एकूण 1,005 रुपये. आता हे कितीने भागायचं? काजू आणि साखर मिळून 1,600 ग्रॅम होतात, म्हणून पुष्कळजणी 1.6 ने भागून मोकळ्या होतात. पण गोळा लाटून शंकरपाळ्याच्या आकारात कापला की चारही बाजूंच्या कडा निघतात. त्या पुन्हा मळून लाटता येतात, पण दुसऱ्यांदा लाटलेली कतली कोरडी पडते आणि तिसऱ्यांदा तर कडेला चिराच जातात. कढईला, लाटण्याला, बटर पेपरला चिकटतं ते वेगळंच. बॉक्समध्ये ठेवण्याजोगी कतली हाती येते ती साधारण दीड किलो. म्हणजे किलोचा खर्च 670 रुपये. कच्च्या मालाच्या वजनाने भागलं असतं, तर तो 628 दिसला असता. त्यामुळे एक घाणा करून, कापून, चांगले तुकडे तोलून मगच भागाकार करावा.

अशाच रीतीने लाडू किलोला 255 रुपयांना आणि नारळाची वडी 300 रुपयांना पडते असं धरू.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक होते. तीन पदार्थांचे तीन दर आहेत, म्हणून त्यांची सरासरी काढली जाते. 670, 255 आणि 300 यांची सरासरी 408, त्याचं निम्मं 204, म्हणून बॉक्समधली मिठाई 204 रुपयांची! पण बॉक्समध्ये तिन्ही पदार्थ सारख्या वजनाने आहेत कुठे? निम्मा बॉक्स सर्वांत महागड्या पदार्थाने भरला आहे. वजनाप्रमाणे मांडलं तर कतलीचे 167.50, लाडवांचे 38.25 आणि वडीचे 30 रुपये, म्हणजे एकूण 236 रुपये होतात. एका बॉक्समागे 32 रुपयांचा फरक, 200 बॉक्समागे 6,400 रुपयांचा. पदार्थांच्या किमतींत अंतर जितकं जास्त, तितकी साधी सरासरी जास्त फसवते.

याच मांडणीचा दुसरा उपयोग गिऱ्हाईकाने फेरफार सांगितला की होतो. “लाडू थोडे कमी करा, कतली वाढवा,” ही दरवर्षीची मागणी. शंभर ग्रॅम लाडू काढून तेवढीच कतली घातली की खर्च 41 रुपये 50 पैशांनी वाढतो. वजन अर्धा किलोच राहतं, म्हणून दरही तोच ठेवला जातो आणि नफ्याचा मोठा वाटा तिथेच जातो.

बॉक्स भरताना तराजू समोर हवाच. कतलीचा एक तुकडा साधारण 12 ग्रॅमचा असतो. रांग अपुरी दिसते म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये एक तुकडा जास्त ठेवला, तर आठ रुपये गेले. 200 बॉक्सना 1,600. तुकडा जास्त द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, पण तो हिशोबात धरून. उलट बाजूची चूक मात्र गैर आहे. मिठाईचं वजन निव्वळच असायला हवं. खोक्यासकट तोलून अर्धा किलो म्हणून विकणं वजनमापाच्या कायद्यात बसत नाही. रिकामा बॉक्स आणि आतले कप्पे 80 ग्रॅमचे असले, तर गिऱ्हाईकाच्या हाती 420 ग्रॅमच मिठाई पडते.

आता वेष्टन. छापील झाकणाचा बॉक्स 28 रुपये, आतले कप्पे 6, बटर पेपर 2, लेबल 3. रिबनीचा खर्च मात्र बहुतेक ठिकाणी ‘असेल दोन-तीन रुपये’ असा लिहिला जातो, म्हणून ती मोजूनच पाहावी. बॉक्स 20 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि 5 उंच आहे. रिबन उभी-आडवी फिरवली की लांबी दोनदा, रुंदी दोनदा आणि उंची चारदा लागते: 40, 30 आणि 20, म्हणजे 90 सेंटिमीटर. वर गाठ आणि फुलासाठी 60. एकूण दीड मीटर. बाजारात सॅटिनची गुंडाळी 25 यार्डांची मिळते, ती मीटरमध्ये 22.86 भरते. तिच्यात 15 बॉक्स होतात. गुंडाळी 75 रुपयांना असेल तर बॉक्समागे 5 रुपये.

गुंडाळी 25 मीटरची समजून आणि फुलाची रिबन विसरून बॉक्समागे एकच मीटर धरला, तर 200 बॉक्सना आठ गुंडाळ्या पुरतील असं वाटतं. लागतात चौदा. उरलेल्या सहा आणायला वसुबारसेला बोहरी आळीत जावं लागतं आणि तोवर त्याच छटेची रिबन संपलेली असते. खर्च कमी करायचा असेल तर रिबन एकाच दिशेने, रुंदीवरून फिरवावी. फुलासकट एक मीटरमध्ये काम होतं आणि बॉक्सही नेटका दिसतो. आपल्या उदाहरणात उभी-आडवीच ठेवू. वेष्टनाचे झाले 44 रुपये. जीएसटीची नोंदणी नसलेल्या छोट्या उद्योगाला खोक्यांवर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून तो या 44 मध्येच धरलेला हवा.

मजुरीचा आकडा सर्वांत मोठा वाद निर्माण करतो, कारण त्यात घरच्या बाईचे कष्ट धरायचे की नाही हे ठरलेलं नसतं. धरलेच पाहिजेत. दोन मदतनीस सहा दिवस, रोज 600 रुपयांप्रमाणे 7,200. स्वतः उद्योजिका आठ दिवस, रोज 800 प्रमाणे 6,400. मिळून 13,600, म्हणजे बॉक्समागे 68 रुपये. स्वतःची मजुरी सोडून दिली तर बॉक्स 32 रुपयांनी स्वस्त दिसतो खरा, पण ती सूट तिच्या झोपेतून दिलेली असते. शिवाय ने-आण, चवीसाठी दिलेले नमुने, फाटलेली खोकी आणि वीज यांचे 12 रुपये.

सगळं मिळून 236, 44, 68 आणि 12, म्हणजे 360 रुपये. हा झाला खर्च.

नफा 25 टक्के हवा. बहुतेक लोक 360 वर 25 टक्के चढवतात आणि 450 रुपये दर सांगतात. पण 450 रुपये हातात आले की त्यातले 90 आपले, म्हणजे विक्रीच्या 20 टक्केच. मिळालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले 25 आपल्याकडे राहावेत असं वाटत असेल, तर खर्च हा दराचा 75 टक्के असला पाहिजे. म्हणून 360 ला 0.75 ने भागायचं. उत्तर 480 रुपये. नफा 120, आणि तो 480 चे बरोबर 25 टक्के. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. आपण कोणत्या रीतीने ‘25 टक्के’ म्हणतो, हे माहीत नसेल तर 200 बॉक्समागे 6,000 रुपयांची तफावत पडते.

ती तफावत खरी जाणवते सूट देताना. एखादी कंपनी किंवा सोसायटी शंभर बॉक्स घेते आणि दहा टक्के सूट मागते. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. 480 चा बॉक्स 432 ला दिला की नफा 120 वरून 72 वर येतो, म्हणजे 40 टक्क्यांनी घटतो. 450 चा बॉक्स 405 ला दिला तर नफा 90 वरून 45 वर, थेट निम्मा. सूट विक्रीवर मोजली जाते, पण ती सगळी नफ्यातून जाते. घाऊक मागणीला दर कमी करायचाच असेल, तर आधी खर्च कमी करावा: रिबन एकेरी, छापील झाकणाऐवजी साधा बॉक्स आणि स्टिकर, पोचवणं एकाच ठिकाणी.

कतलीच्या काजूतही अशीच वाट आहे. अख्खा, मोठा काजू वाटून त्याची पूड करण्यात काही अर्थ नाही. काजू वेगवेगळ्या प्रतींत विकला जातो आणि पाकळी म्हणजे दुभंगलेला काजू अख्ख्यापेक्षा स्वस्त असतो. पाकळी किलोला शंभर रुपयांनी स्वस्त मिळाली तर बॉक्समागे जवळपास 17 रुपये वाचतात. काजू ताजा असेल तर चवीत फरक पडत नाही. खवट वास येत नाही ना, एवढं दोन दाणे चावून पाहावं. काजूचा भाव शंभराने चढला तर तेच 17 रुपये उलट दिशेने जातात. गणपतीत दर सांगून दिवाळीत माल देणाऱ्यांना याचा फटका बसतो, म्हणून दरपत्रकावर ‘अमुक तारखेपर्यंतच्या मागणीसाठी’ असं लिहिलेलं असावं.

शिल्लक मालाचा हिशोब सर्वांत कठोर आहे. दहा बॉक्स पडून राहिले तर 3,600 रुपये गेले, आणि तेवढा नफा मिळवायला 30 बॉक्स विकावे लागतात. या बॉक्समध्ये तर ओल्या नारळाची वडी आहे. कतली आणि लाडू टिकतील, पण नारळ आधी वास धरतो. म्हणजे अख्ख्या बॉक्सची मुदत वडीच्या मुदतीएवढीच, आणि लेबलवर तीच तारीख घालायला हवी. आगाऊ पैसे न घेता जास्तीचे बॉक्स करून ठेवायचे असतील, तर वडी काढून तिथे शंकरपाळे किंवा सुका पदार्थ घालणं शहाणपणाचं.

ज्यांना यंदा मागणी घ्यायची आहे, त्यांनी फोनवर दर सांगण्याआधी प्रत्येक पदार्थाचा एक घाणा करून तोलावा, एका बॉक्सला खरोखर रिबन बांधून ती उलगडून मोजावी, आणि स्वतःच्या दिवसाची मजुरी पहिल्या ओळीत लिहावी.