ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

‘डॉक्टरांनी प्रयत्नांची शिकस्त केली.’ मराठी वाचकाला यात कमालीची धडपड दिसते. हेच वाक्य फारसीत नेताना अनुवादकाने ‘शिकस्त’ तसाच ठेवला, तर इराणी वाचकाला प्रयत्न फसल्याचे कळेल आणि रुग्ण दगावला असेच वाटेल. कारण फारसीत ‘शिकस्तन’ म्हणजे तुटणे आणि ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. उर्दू-हिंदीतही तोच अर्थ टिकला. मराठीत मात्र हा शब्द पराकाष्ठेच्या अर्थाने रुळला. म्हणून इथे फारसीत ‘नहायत-ए तलाश’, म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा, असेच लिहायला हवे.

ही चूक पकडणे अवघड असते, कारण वाक्य व्याकरणात चोख बसते. खटकतो तो फक्त संदर्भ: पुढच्याच ओळीत रुग्ण घरी गेलेला असतो.

‘गरीब’ची गंमत आणखी वेगळी. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका किंवा विचित्र. त्यामुळे ‘गरीब शेतकरी’ शब्दशः अरबीत गेला की तो विचित्र शेतकरी होतो. तिथे निर्धनासाठी शब्द आहे ‘फकीर’, जो मराठीत विरक्त भिक्षेकऱ्यासाठी राखून ठेवला आहे!

तब्येतीचेही तसेच. आधुनिक फारसीत ‘तबीअत’ म्हणजे मुख्यतः निसर्ग किंवा स्वभाव.

अशा शब्दांचे मूळ शोधण्याआधी वाक्याचा आशय साध्या मराठीत, तो शब्द न वापरता लिहून पाहावा. ‘डॉक्टरांनी होते नव्हते ते सगळे केले’ असे लिहिले की ‘शिकस्त’ आपोआप बाजूला पडते.