परतीच्या फोटोखालच्या चार ओळी

मोठ्या दुखापतीनंतर मैदानात परतलेल्या खेळाडूच्या फोटोखाली बहुतेक वेळा एवढंच असतं : 'पुनरागमन! फिजिओ आणि मित्रमैत्रिणींचे मनापासून आभार.' भावना अगदी खरी असते. पण त्या माणसांनी नेमकं काय केलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मला वाटतं, आभार मानायचे तर त्या कामाचे मानावेत, आणि त्यासाठी ते काम आधी समजून घ्यावं लागतं.

कबड्डीत सर्रास होणारी दुखापत घेऊ. चढाई करणारी मुलगी दिशा बदलण्यासाठी पाय रोवते, गुडघा आत वळतो, आतून 'टक्' असा आवाज येतो आणि थोड्याच वेळात गुडघा सुजतो. मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एसीएल नावाचा अस्थिबंध तुटलेला असतो. शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बहुधा तिच्याच मांडीमागच्या स्नायूचा कंडरा बसवतात.

त्यानंतरचे पहिले आठवडे फार कंटाळवाणे असतात. सुजेमुळे मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पुरेसा इशाराच पोहोचत नाही. 'मी जोर लावतेय, पण मांडी आवळतच नाही,' असं रुग्ण सांगते, तेव्हा तो आळस नसतो. फिजिओ टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पूर्ण सरळ करायला लावतात, आणि सरळ पाय उचलताना तो गुडघ्यात किंचितही वाकतो का, ते रोज पाहतात. वाकत असेल, तर स्नायू अजून जागा झालेला नाही.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते. दुखणं थांबलेलं असतं, चाल सुधारलेली असते आणि मॅट खुणावू लागते. पण आत बसवलेल्या कंडऱ्यात याच काळात जुन्या पेशी मरून नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या रुजत असतात, त्यामुळे तो सुरुवातीपेक्षा कमकुवत असतो. हे बाहेरून दिसत नाही आणि दुखूनही कळत नाही. म्हणून फिजिओचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे या दिवसांत ठामपणे 'नाही' म्हणणं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परत खेळणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं.

तरी नुसते महिने मोजून भागत नाही. एका पायावर लांब उडी मारायला लावतात. चांगल्या पायावर ती 150 सेंटिमीटर गेली आणि दुखऱ्या पायावर 120, तर दुखरा पाय 80 टक्क्यांवर आहे. निदान 90 टक्के, म्हणजे 135 सेंटिमीटर व्हायला हवेत. शिवाय जमिनीवर टेकताना गुडघा आत झुकला, तर अंतर भरलं तरी फिजिओ समाधानी होत नाहीत.

मैत्रिणींचं काम याच्या पुढचं. आधी कुणी धरणार नाही अशा मोकळ्या चढाया, मग सांगून केलेली पकड, आणि शेवटी न सांगता केलेली खरीखुरी पकड. प्रत्येक पायरीला कुणीतरी आपला सराव बाजूला ठेवून समोर उभं राहावं लागतं. दयेपोटी शेवटपर्यंत हळूच धरणारी मैत्रीण उपयोगाची नसते, कारण मग पहिली खरी झटापट थेट सामन्यातच होते.

हे सगळं मनात असलं, की ओळी वेगळ्या होतात :

'जवळपास वर्षभरानं आज सामन्यात पहिली चढाई केली. मॅडम, चौथ्या महिन्यात "आता दुखत नाही" म्हणून मी तुमच्याशी भांडले, तरी तुम्ही मला मॅटवर जाऊ दिलं नाहीत. आज त्याचेच आभार मानते. आणि पोरींनो, "कधी खेळणार?" असं एकदाही न विचारता आठवडेच्या आठवडे तुम्ही मला हळू धरलंत, आणि मग एक दिवस न सांगता जोरात धरलंत. त्या दिवशी पाय रोवायची भीती गेली.'

यात 'शंभर टक्के बरी' असं लिहिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. परतल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तोच किंवा दुसरा गुडघा दुखावण्याचा धोका बराच असतो. मांडीचे व्यायाम आणि उडी मारून नीट टेकण्याचा सराव चालूच ठेवावा लागतो. अशी दुखापत झालेलं दुसरं कुणीतरी या ओळी वाचणार आणि त्यातले महिने आपल्या गुडघ्याला लावणार, म्हणून 'माझ्या चाचण्या पूर्ण झाल्यावरच' एवढे शब्द जोडावेत. फिजिओंचं नाव किंवा उपचाराच्या खोलीतला फोटो टाकायचा असेल, तर आधी त्यांना विचारावं. मागे दुसरे रुग्ण दिसत असतील, तर तो फोटो टाकूच नये.