पैसे किती वर्षांत सुटतील?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत कुणी नवं यंत्र घेतलं, की शेजारचा शेडवाला पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो : “पैसे किती वर्षांत सुटतील?” व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याच प्रश्नाच्या उत्तराला ‘पेबॅक पिरियड’ किंवा परतफेड कालावधी म्हणतात. गुंतवलेली रक्कम त्या गुंतवणुकीतून येणाऱ्या रोख पैशाने पूर्ण भरून निघायला लागणारा काळ, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या कंपन्याही हा प्रश्न विचारतात. जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी अमेरिकेतल्या ३९२ वित्तप्रमुखांची पाहणी करून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले सुमारे ५७ टक्के जण ही पद्धत नेहमी किंवा जवळजवळ नेहमी वापरत होते.

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याच्या एकट्या उत्तरावर निर्णय घेतला तर तोट्याचा व्यवहार फायद्याचा वाटू शकतो. कसा, ते एका उदाहरणातून पाहू. यातले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

एका छोट्या वर्कशॉपच्या मालकाकडे १० लाख रुपये आहेत आणि त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, शेडच्या छपरावर २० किलोवॅटचे सौर पॅनेल. एक किलोवॅट पॅनेलपासून वर्षाला साधारण १,४०० युनिट धरले, तर २८,००० युनिट वीज होईल. युनिटमागे ९ रुपये वाचतात असं मानलं, तर वीजबिलात वर्षाला अडीच लाखांची बचत होते. दुसरा पर्याय एका जुन्या सीएनसी लेथचा. गाडीच्या एका सुट्या भागाचं जॉबवर्क हाताशी आहे, पण ते मॉडेल जुनं होत जाईल तसं काम घटणार आहे. मजुरी, इन्सर्ट, वीज आणि देखभाल वजा जाता पहिल्या वर्षी ४ लाख, दुसऱ्या वर्षी साडेतीन लाख, तिसऱ्या वर्षी अडीच लाख, चौथ्या वर्षी १ लाख आणि पाचव्या वर्षी भंगाराची किंमत धरून ५० हजार रुपये हातात पडतील. त्यानंतर काही नाही.

सौर पॅनेलची बचत दरवर्षी सारखी आहे. त्यामुळे हिशेब एका भागाकाराचा : १० लाख भागिले अडीच लाख, म्हणजे ४ वर्षं. लेथचं उत्पन्न दरवर्षी वेगळं आहे, म्हणून बेरीज करत जावं लागतं. पहिल्या वर्षाअखेर ४ लाख, दुसऱ्या वर्षाअखेर साडेसात लाख, तिसऱ्या वर्षाअखेर बरोबर १० लाख. म्हणजे लेथचे पैसे ३ वर्षांत सुटले. रक्कम वर्षाच्या मध्येच भरून निघत असेल, तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नाने भागून महिने काढतात. त्यात पैसे वर्षभर सारखे येतात असं गृहीत असतं. पावसाळ्यात वीज कमी देणाऱ्या पॅनेलला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतं.

इथे नवख्यांची एक चूक फार होते. ते नफा-तोटा पत्रकातला नफा धरून भागाकार करतात. त्या नफ्यातून घसारा आधीच वजा झालेला असतो, पण घसारा म्हणजे कुणाला दिलेले पैसे नव्हेत. यंत्राची किंमत आपण एकदा १० लाख म्हणून धरलीच आहे. तीच पुन्हा घसाऱ्याच्या रूपाने वजा केली, तर एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि पैसे सुटायला उगाच जास्त वर्षं लागताना दिसतात. या हिशेबात खऱ्याखुऱ्या येणाऱ्या-जाणाऱ्या रोख रकमाच घ्यायच्या. घसाऱ्यामुळे प्राप्तिकर कमी भरावा लागतो, तेवढी बचत मात्र जमेला धरायची. आपल्या उदाहरणात कर बाजूला ठेवला आहे.

आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली, तर ३ वर्षांचा लेथ ४ वर्षांच्या सौर पॅनेलपेक्षा सरस दिसतो. या निकालात खरी माहिती आहे. छोट्या धंद्यात भांडवल अडकून पडणं हाच मोठा धोका असतो. आज लेथमधून लवकर मोकळा झालेला पैसा उद्याच्या कच्च्या मालाला उपयोगी पडतो. शिवाय जवळच्या वर्षांचे अंदाज दूरच्या वर्षांपेक्षा भरवशाचे असतात. दोन वर्षांच्या ऑर्डरबद्दल खात्रीने बोलता येतं, दहाव्या वर्षाच्या वीजदराबद्दल नाही. पैसा किती काळ अडकणार, हे ही पद्धत सरळ सांगते, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

पण तिच्यात दोन मोठी भोकं आहेत. पहिलं, तिसऱ्या वर्षी येणारा रुपया आणि आजचा रुपया ती एकाच मोलाचे धरते. दुसरं, पैसे सुटल्यानंतर काय होतं, याकडे ती पाहतच नाही.

पहिलं भोक बुजवण्याची रीत आपल्या पेढीवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायला नेली, की सराफ तिच्यावरचा पूर्ण आकडा देत नसे. उरलेल्या दिवसांचा वटाव कापून घेई. पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी असते, हा त्यामागचा विचार. ‘डिस्काउंटेड पेबॅक’ म्हणजे वटाव कापून काढलेला परतफेड कालावधी. दरवर्षीच्या रकमेतून आधी वटाव कापायचा आणि मग बेरीज करायची.

वटावाचा दर कोणता? ज्या भांडवलावर ही गुंतवणूक करतो आहोत, त्याची किंमत. बँकेचं कर्ज असेल तर त्याचं व्याज, स्वतःचा पैसा असेल तर तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी तो काय कमावता, आणि दोन्ही असेल तर त्यांची प्रमाणशीर सरासरी. आपल्या मालकांसाठी १२ टक्के धरू. वर्षभराने मिळणारा रुपया १.१२ने भागला तर आज सुमारे ८९ पैशांचा ठरतो. दोन वर्षांनी मिळणारा पुन्हा १.१२ने भागायचा, तो ८० पैशांचा. पाचव्या वर्षाचा रुपया आज फक्त ५७ पैशांचा उरतो. दोन्ही पर्यायांतल्या रकमा अशा कापून, वर्षाअखेरची बेरीज लाखांत मांडली तर असं दिसतं :

| वर्ष | सौर पॅनेल | लेथ |
|---|---|---|
| १ | २.२३ | ३.५७ |
| २ | ४.२३ | ६.३६ |
| ३ | ६.०० | ८.१४ |
| ४ | ७.५९ | ८.७८ |
| ५ | ९.०१ | ९.०६ |
| ६ | १०.२८ | — |

सौर पॅनेलचे पैसे सहाव्या वर्षात, म्हणजे सुमारे ५ वर्षं ९ महिन्यांनी सुटतात. लेथचा रकाना मात्र ९.०६वर थांबतो, दहापर्यंत पोचतच नाही. साध्या हिशेबाने ३ वर्षांत पैसे सोडवणारं यंत्र वटाव कापल्यावर कधीच पैसे सोडवत नाही. आजच्या मोलाने मालकांचे सुमारे ९४ हजार रुपये बुडतात. हातात एकूण साडेअकरा लाख आले खरे, पण तेच १० लाख पाच वर्षं १२ टक्क्यांनी कामाला लावले असते, तर त्याहून जास्त कमावले असते.

हा हिशेब करताना जपायची एक गोष्ट आहे. बँकेचं व्याज वार्षिक रकमांतून वजा करायचं नाही. ते वटावाच्या दरात आधीच धरलेलं आहे. दोन्हीकडे धरलं, तर पुन्हा एकच खर्च दोनदा कापला जातो. आणि दर बदलला की उत्तर बदलतं, हेही ध्यानात ठेवायचं. ८ टक्के दराने सौर पॅनेलचे पैसे ५ वर्षं उलटताच सुटतात, १५ टक्क्यांनी साडेसहा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. म्हणून उत्तर सांगताना दरही सांगावा.

दुसरं भोक मात्र तसंच राहतं. समजा मालकांनी नियम केला, की ५ वर्षांत पैसे सुटणार नाहीत त्या गोष्टीला हात लावायचा नाही. साध्या हिशेबाने या नियमात दोन्ही पर्याय बसतात आणि लेथ पुढे असतो. वटाव कापल्यावर लेथ बाद होतो, आणि ५ वर्षं ९ महिन्यांचे सौर पॅनेलही बाद होतात! पॅनेल बनवणारे कामगिरीची हमी सहसा २५ वर्षांची देतात. आपण १५ वर्षंच धरली, तरी बचतीची आजची किंमत सुमारे १७ लाख होते. १० लाखांची गुंतवणूक वजा जाता ७ लाख उरतात. ५ वर्षांच्या रेघेपलीकडे न पाहणारा नियम हे ७ लाख नाकारतो. ती रेघ पाचवरच का, सातवर का नाही, याला या पद्धतीकडे उत्तर नाही. रेघ आपण सवयीने मारतो.

रेघेपलीकडे उत्पन्न असतं तसा खर्चही असतो. सौर यंत्रणेतला इन्व्हर्टर पॅनेलएवढा टिकत नाही. दहा-बारा वर्षांत तो बदलायची वेळ येते आणि पॅनेलची वीजही दरवर्षी थोडी घटते. म्हणून वरच्या ७ लाखांतून हे दोन्ही वजा करायला हवं. दगडाच्या खाणीसारख्या धंद्यात तर शेवटी खड्डे बुजवून जमीन नीट करण्याचा खर्च येतो. पैसे कधीचेच सुटलेले असतात आणि अखेरच्या वर्षात मोठी रक्कम बाहेर जाते. वटाव कापून पैसे सुटले म्हणजे व्यवहार नक्की फायद्याचा, हे विधान पुढे असा खर्च नसेल तेव्हाच खरं असतं.

मग आपल्या मालकांनी काय करावं? सगळ्या वर्षांच्या रकमांचा वटाव कापून बेरीज करावी आणि त्यातून गुंतवणूक वजा करावी. याला निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. वरचा तक्ता सहाव्या वर्षाशी न थांबवता शेवटपर्यंत नेला, तर ते आपोआप हाती येतं. घ्यावं की नाही हा निर्णय त्या आकड्यावर व्हावा, आणि तो सौर पॅनेलच्या बाजूचा आहे. परतफेड कालावधी मग दुसऱ्या कामासाठी वापरावा : ही पावणेसहा वर्षं आपण तग धरू शकू का, हे तपासायला. मधल्या काळात गिऱ्हाइकाने बिल थकवलं, तर पगार भागवायला पुरेशी रोकड गल्ल्यात आहे का? नसेल, तर फायद्याचे असले तरी २० किलोवॅट एकदम न बसवता आधी १० किलोवॅट बसवावेत. शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर “पावणेसहा वर्षं, १२ टक्क्यांनी” असं द्यावं, आणि नंतरच्या वर्षांत काय उरतं तेही त्याला सांगावं.