बोनस रेषा दिसत नव्हती

ज्युनिअर व्हिडिओ अ‍ॅनालिस्टच्या अर्जात 'कबड्डीची आवड आहे' हे वाक्य हमखास असतं. समजा, एखादी पदवीधर त्याऐवजी स्वतः केलेलं काम दाखवते: तालुका स्पर्धेतले चार सामने मोबाइलवर टिपले आणि प्रत्येक चढाईची वेळ, समोरचे बचावपटू, शिरण्याची बाजू, निकाल एक्सेलमध्ये नोंदवला.

पत्रातली खरी गंमत पुढे आहे. आठवड्यानंतर तिने जुन्या नोंदी न बघता एक सामना पुन्हा नोंदवला, तर बोनस गुण जुळेनात. मोबाइल मैदानालगत, फार खाली होता. कोपरारक्षकाच्या पायांआड बोनस रेषा झाकली जात होती. ते आकडे तिने गाळले आणि कारणासकट पत्रात लिहिलं.

सोबत दोन मिनिटांची फीत. तीत फक्त 'करो या मरो' चढाया, म्हणजे सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी. प्रशिक्षकाला तेवढाच वेळ असतो.