मूलपेशी काय करू शकते, आणि काय नाही

थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हिमोग्लोबिनमधली एक साखळी त्याच्या शरीराला नीट बनवता येत नाही, त्यामुळे लाल पेशी पुरेशा तयार होत नाहीत. चढवलेल्या रक्तातून लोह येते आणि ते यकृतात, हृदयात साठत जाते. ते बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. हे चक्र थांबवणारा एक उपचार गेली चार दशके उपलब्ध आहे. त्याचे नाव बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि मूलपेशींचा जगात सर्वाधिक वापरला गेलेला, सर्वाधिक सिद्ध झालेला उपचार हाच आहे. मूलपेशींकडून आज नेमके काय मिळू शकते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

आधी मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे 20 हजार कोटी लाल पेशी नव्याने तयार होतात, कारण प्रत्येक लाल पेशी साधारण 120 दिवसच जगते. स्वतः लाल पेशी विभागून दुसरी लाल पेशी बनवू शकत नाही. हा पुरवठा हाडांच्या पोकळीतल्या मगजातून, म्हणजे मॅरोमधून होतो. तिथे अगदी थोड्या पेशी अशा असतात, की त्या विभागल्या की काही नव्या पेशी त्यांच्यासारख्याच राहतात आणि बाकीच्या पुढे जाऊन लाल पेशी, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट बनतात. स्वतःचा साठा टिकवणे आणि त्यातूनच वेगळ्या कामाच्या पेशी घडवणे, ही दोन कामे जी पेशी करते ती मूलपेशी. खरी रक्त-मूलपेशी मॅरोतल्या हजारो पेशींत एखादीच सापडते. टोरोंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी 1961 मध्ये मॅरो किरणोत्साराने नष्ट झालेल्या उंदरांना मॅरोच्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेत रक्तपेशींच्या गाठी दिसल्या. एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढली आहे, हे त्यांनी पुढे दाखवून दिले.

शरीरात अशा मूलपेशी जागोजागी आहेत, पण प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले आहे. रक्ताची मूलपेशी रक्त बनवते, त्वचेची त्वचा, आतड्याची आतड्याचे अस्तर. ती स्वतःहून दुसऱ्याच्या क्षेत्रात जाऊन काम करत नाही. पुढचे सगळे यावरच अवलंबून आहे.

आता ट्रान्सप्लांट कसा होतो ते एका उदाहरणातून पाहू. समजा, थॅलेसेमिया मेजर असलेली पाच वर्षांची मुलगी आहे, वजन 15 किलो, आणि तिला आठ वर्षांचा भाऊ आहे. पहिली पायरी म्हणजे एचएलए तपासणी. पेशींच्या पृष्ठभागावरच्या या खुणांवरून शरीर आपले आणि परके ओळखते. प्रत्येक मूल आईकडून खुणांचा एक संच घेते आणि वडिलांकडून एक, म्हणून दोन भावंडांचे सगळे संच जुळण्याची शक्यता चारात एक असते. शिवाय भावाला स्वतःला थॅलेसेमिया मेजर नसावा लागतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर ही शक्यता चारात तीन. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरतात, म्हणून एखादे भावंड योग्य दाता ठरण्याची शक्यता 16 मध्ये 3 इतकी उरते. भाऊ फक्त वाहक असला तरी चालतो, कारण वाहकाला रक्त चढवावे लागत नाही आणि त्याच्या मूलपेशी घेतलेल्या बहिणीलाही लागणार नाही.

दुसरी पायरी मुलीच्या यकृताची. इटलीतल्या पेसारो येथे ग्वीदो लुकारेली यांच्या गटाने तीन प्रश्न ठरवून दिले: यकृत वाढले आहे का, त्यात तंतू तयार झाले आहेत का, आणि लोह काढायचे औषध आजवर नियमित घेतले आहे का. तिन्ही उत्तरे चांगली असतील तर ट्रान्सप्लांटचा धोका बराच कमी असतो. तिन्ही वाईट असतील तर तो कितीतरी वाढतो. म्हणूनच डॉक्टर लहान वयात, लोह साठण्याआधी निर्णय घ्या असे सांगतात.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. भावाच्या मूलपेशींना मॅरोत जागा हवी, आणि मुलीच्या शरीराने त्या हाकलून लावू नयेत. यासाठी साधारण आठ-दहा दिवस बुसल्फान किंवा ट्रिओसल्फानसारखी तीव्र औषधे देऊन तिचा स्वतःचा मॅरो रिकामा करतात. या टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही. बाहेरून मूलपेशी मिळाल्या नाहीत, तर मुलीचा स्वतःचा मॅरो पुन्हा उभा राहील याची खात्री नसते.

मग ठरलेल्या दिवशी भावाला भूल देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने मॅरो काढतात. वजनाच्या दर किलोमागे 20 मिलीलिटर ही मर्यादा पाळतात, म्हणजे 25 किलोच्या भावाकडून जास्तीत जास्त 500 मिली. प्रत्यक्षात बहिणीसाठी सहसा त्याहून कमी पुरतो. प्रयोगशाळेत सीडी-34 ही खूण असलेल्या पेशी मोजतात. रुग्णाच्या दर किलोमागे 40 लाख हवेत असे धरले, तर 15 किलोच्या मुलीला अशा 6 कोटी पेशी लागतील. भावाला काही दिवस कंबर दुखते. काढलेला मॅरो त्याच्या शरीरात काही आठवड्यांत भरून निघतो.

बहिणीला यासाठी कोणतीही शस्त्रक्रिया करावी लागत नाही. पिशवीतला मॅरो रक्तासारखाच छातीतल्या नळीतून शिरेत सोडतात. मूलपेशी रक्तातून फिरत मॅरोपर्यंत आपणच पोहोचतात, कारण मॅरोतून पाझरणारे एक रसायन त्यांना तिकडे ओढते. त्यांना हाडात नेऊन बसवावे लागत नाही, आणि पुढे काय करायचे हेही कुणी सांगावे लागत नाही.

यानंतर वाट पाहायची असते. पहिले दोन-तीन आठवडे मुलीच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. साधा ताप आला तरी ताबडतोब अँटिबायोटिक सुरू करावे लागते, म्हणून ती स्वच्छ हवेच्या वेगळ्या खोलीत राहते. न्यूट्रोफिल सलग तीन दिवस 500 च्या वर राहिले की भावाच्या पेशी रुजल्या असे म्हणतात. पुढे रक्ताच्या डीएनए तपासणीतून किती पेशी भावाच्या आणि किती तिच्या, हे मोजतात. दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत तिचा रक्तगट भावाचा होतो. सगळ्या पेशी भावाच्याच असायला हव्यात असेही नाही. 20-30 टक्के कायम टिकल्या तरी अनेक मुलांना पुन्हा रक्त चढवावे लागत नाही.

काय बिघडू शकते तेही सांगायला हवे. भावाच्या मॅरोबरोबर त्याच्या प्रतिकारक पेशीही येतात, आणि त्या बहिणीच्या शरीरालाच परके समजून हल्ला करू शकतात. तळहात-तळपायावर लाल पुरळ, सतत जुलाब, वाढती कावीळ ही त्याची चिन्हे. हे टाळण्यासाठी अनेक महिने सायक्लोस्पोरिनसारखे औषध देतात. यकृतातल्या बारीक शिरा बंद पडणे हा दुसरा धोका: पोट फुगते, वजन अचानक वाढते, यकृत दुखते. कधी भावाच्या पेशी रुजत नाहीत, मुलीचाच मॅरो पुन्हा वाढतो आणि आजार परत येतो. तीव्र औषधांमुळे पुढे मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते, आणि ही गोष्ट आईवडिलांना आधीच सांगायला हवी. सगळे जुळलेले भावंड आणि चांगले यकृत असेल तर दहातली आठ-नऊ मुले थॅलेसेमियातून मुक्त होतात. पण काही मुले दगावतात. हा आकडा विचारल्याशिवाय होकार देऊ नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 मध्ये झाला, आणि आज कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र कुटुंबांना 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

ट्रान्सप्लांट यशस्वी का होतो, हे लक्षात आले असेल. रक्त-मूलपेशीला आपण फक्त तिचेच काम, तिच्याच जागी करायला देतो. दुसऱ्या ज्या थोड्या ठिकाणी मूलपेशी खरोखर उपयोगी पडतात, तिथेही हेच दिसते. खाण्याचा चुना डोळ्यात उडून डोळा गेलेली मुले आपल्याकडे नेत्रतज्ज्ञांना नेहमी दिसतात. चुन्याने बुबुळाच्या कडेवरच्या मूलपेशी जळतात आणि बुबुळावर पांढरा पडदा येतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या कडेवरून साधारण दोन मिलीमीटरचा तुकडा घेऊन त्याचे आठ-दहा कण करायचे आणि ते जळलेल्या बुबुळावर वारेच्या पातळ पडद्यावर पसरून चिकटवायचे. बुबुळाच्या मूलपेशीला बुबुळाचेच काम मिळते. पण त्यासाठी एक डोळा निरोगी असावा लागतो, आणि जळलेल्या डोळ्यातला मागचा पडदाही शाबूत हवा.

याउलट ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मणक्याची इजा, मधुमेह किंवा गुडघ्याची झीज यांसाठी पोटाच्या चरबीतून किंवा मॅरोतून काढलेल्या पेशी टोचण्याच्या जाहिराती पाहा. चरबीतली पेशी मेंदूची चेतापेशी बनून योग्य जागी जोडली जाते, असा पुरावा नाही. धोका मात्र खरा आहे. फ्लोरिडात अशाच चरबीच्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यावर तीन स्त्रियांची दृष्टी गेली. ही घटना 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचा मॅरो ट्रान्सप्लांट सोडून मूलपेशींचा कोणताही उपचार नेहमीच्या वैद्यकीय सेवेचा भाग नाही. तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून कुणी लाखोंची पावती फाडून प्रयोगाला उपचार म्हणत असेल, तर तिथेच थांबावे.

बाळाच्या नाळेचे रक्त खासगी बँकेत ठेवण्याचा आग्रह होतो, तेव्हाही हाच विचार करावा. बाळालाच पुढे थॅलेसेमिया निघाला तर त्याच्या नाळेतल्या मूलपेशींतही तोच दोष असणार, त्यामुळे तो साठा त्याला उपयोगी पडणार नाही. आजारी भावंड आधीच घरात असेल तर मात्र जुळणाऱ्या बाळाची नाळ मोलाची ठरू शकते.

आणखी एक मार्ग आता उघडला आहे. रुग्णाच्याच रक्त-मूलपेशी काढून त्यांच्या जनुकात प्रयोगशाळेत बदल करायचा आणि त्या परत द्यायच्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठीच्या अशा एका उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. यात दाता शोधावा लागत नाही, पण मॅरो रिकामा करणारी तीव्र औषधे घ्यावीच लागतात, आणि अमेरिकेत त्याची किंमत 20 लाख डॉलरच्या वर आहे. आपल्या बहुतेक कुटुंबांना तो अजून परवडणारा नाही.

तेव्हा कुणी मूलपेशींचा उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारावेत. या पेशी शरीरात नेहमी कोणते काम करतात, आणि माझा आजार त्याच कामाशी संबंधित आहे का? पेशी ठरलेल्या जागी पोहोचल्या आणि रुजल्या, हे कोणत्या तपासणीने कळेल? आणि हा उपचार चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला त्याचा क्रमांक काय? थॅलेसेमियाच्या डॉक्टरांकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तयार असतात: रक्त बनवण्याचे काम, आणि न्यूट्रोफिलचा आकडा व डीएनए तपासणी. तिसरा प्रश्न तिथे येतच नाही, कारण तो उपचार चाचणीच्या पुढे गेलेला आहे.